बाबांच्या फोनवर मराठी पुस्तक: गप्प पीडीएफपासून ऐकता येणाऱ्या पुस्तकापर्यंत

प्रश्न: बाबा ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, देवगड तालुक्यात गावी असतात. मधुमेहाने दोन्ही डोळे गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. आयुष्यभर वाचत आले. मी त्यांच्या फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक लावून मराठी पुस्तकांच्या पीडीएफ दिल्या, पण काहींवर तो गप्प बसतो आणि काहींवर इंग्रजी अक्षरं बडबडतो. ऐकायची पुस्तकं कुठून आणू? कपाटभर जुनी पुस्तकं आहेत त्यांचं काय करू? ब्रेल शिकवावं का?

उत्तर:

फोन ठीक आहे आणि टॉकबॅकही ठीक आहे. दोष त्या पीडीएफमध्ये आहे. मी स्वतः नवव्या वर्षापासून पाहत नाही आणि गेली एकोणीस वर्षं मराठी पुस्तकं ऐकण्याजोगी करण्याचंच काम करते. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा घरांपैकी सात-आठ घरं इथेच अडकलेली असतात. म्हणून आधी हे पीडीएफचं समजून घेऊ, बाकीचं त्यातून सोपं होत जाईल.

मराठी पीडीएफ बाहेरून सारख्या दिसतात, आतून तीन तऱ्हेच्या असतात. पहिली म्हणजे नुसते फोटो. कोणीतरी पुस्तक स्कॅन केलं आणि पानांची चित्रं एकत्र बांधली. त्यात अक्षर असं काही नसतंच, म्हणून टॉकबॅक गप्प. दुसरी जुन्या फॉन्टची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडचे छापखाने कृतीदेव, श्रीलिपी असे फॉन्ट वापरत, आणि पुष्कळ ठिकाणी आजही वापरतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं किंवा चिन्हं साठवलेली असतात. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आत `ejkBh` असा असतो. डोळ्यांना फॉन्टचा मुखवटा दिसतो, टॉकबॅकला पोटातलं दिसतं, आणि तो इमानदारीने ‘ई जे के बी एच’ वाचतो. तिसरी तऱ्हा युनिकोडची. ती वाचली जाते, पण पीडीएफ बनवताना जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी यांची जागा हलते, म्हणून मधले मधले शब्द तुटके येतात.

ओळखायची खूण सोपी आहे आणि ती तुम्ही डोळ्यांनी करू शकता. पीडीएफमधली एक ओळ बोटाने दाबून निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. ओळ निवडलीच गेली नाही तर तो फोटो आहे. निवडली गेली पण पलीकडे इंग्रजी गिचमिड उमटली तर जुना फॉन्ट. मराठी उमटलं पण ‘स्थिती’सारखे शब्द मोडले असतील तर तिसरी तऱ्हा. फोटो आणि जुना फॉन्ट या दोघांवर उपाय एकच, तो पुढे सांगते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत, पण त्यासाठी फॉन्ट नेमका कुठला ते कळावं लागतं, आणि एकाच पुस्तकात मथळ्याला एक व मजकुराला दुसरा फॉन्ट असला की सगळा गोंधळ होतो. मी हल्ली अशा फाइलला सरळ चित्र समजूनच वागवते.

पीडीएफ बाजूला ठेवण्याआधी बाबांचा आवाज नीट लावून घ्या. अनेक घरांत मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जात असतो आणि ऐकणारा आठवड्याभरात कंटाळून फोन बाजूला ठेवतो. हिंदी आवाज ‘ळ’ चुकवतो. ‘चमचा’मधला च आणि ‘चंद्र’मधला च यांत त्याला फरक करता येत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये सुलभतेच्या विभागात मजकुराचं भाषण हा पर्याय असतो. तिथे गूगलचं इंजिन निवडा, त्याच्या शेजारच्या चाकाच्या चिन्हात जाऊन आवाजाचा डेटा उघडा आणि मराठी उतरवून घ्या. हा डेटा फोनमध्येच राहतो, म्हणजे पावसात दोन दिवस नेटवर्क गेलं तरी वाचन थांबत नाही. गती आधी कमी ठेवा. माझी गती इतकी आहे की घरच्यांना एक शब्द कळत नाही, पण तिथवर पोचायला मला वर्षं लागली. बाबांना पहिले दोन महिने बोलण्याच्या वेगाने ऐकू द्या आणि गती वाढवायची कशी ते त्यांच्याच बोटांना शिकवा.

आणखी एक. पुस्तक टॉकबॅककडून वाचून घेऊ नका. टॉकबॅक हा फोन चालवण्यासाठी आहे: फोन लावणं, निरोप ऐकणं, अ‍ॅप उघडणं. पुस्तकासाठी वाचनाचं वेगळं अ‍ॅप लागतं. ते पडदा बंद झाल्यावरही वाचत राहतं आणि कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवतं. मध्ये कुणाचा फोन आला आणि जागा हरवली की १८० पानांत ती पुन्हा शोधणं हा न दिसणाऱ्या माणसाला फार मोठा त्रास असतो. प्ले स्टोअरमध्ये `Dolphin EasyReader` किंवा `@Voice Aloud Reader` शोधा. दोन्ही मोफत मिळतात आणि फोनमधलाच मराठी आवाज वापरतात.

आता तयार पुस्तकांकडे येऊ. पहिलं दार सुगम्य पुस्तकालयाचं. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसांसाठी देशभरातल्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं तिथे एकत्र मिळतात, मराठीही आहेत. त्याचा पत्ता `library.daisyindia.org`. सदस्यत्व फोरमच्या एखाद्या सदस्य संस्थेमार्फत घेता येतं, आणि त्यासाठी दृष्टिदोषाचं प्रमाणपत्र मागतात. बाबांचं प्रमाणपत्र नसेल तर आज हेच काम हातात घ्या. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं. कायद्यात अंधत्व म्हणजे चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी. उजेड-अंधारच कळत असेल तर बाबा त्यात सहज बसतात. डोळ्यांचे डॉक्टर कुठल्या दिवशी बसतात ते आधी फोन करून विचारा. देवगडहून ओरोसला फुकटचा हेलपाटा या वयात नको.

सदस्य झाल्यावर पुस्तक शोधताना दोन गोष्टी अडतात. मराठी पुस्तकाचं नाव देवनागरीत सापडलं नाही तर रोमन अक्षरांत शोधा, आणि तेही दोन-तीन स्पेलिंगनी. एकच नाव कुणी `w` ने लिहिलेलं असतं, कुणी `v` ने. त्याहून बरं म्हणजे लेखकाच्या आडनावाने शोधणं. दुसरी गोष्ट प्रकाराची. एकच पुस्तक कधी माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं असतं, कधी नुसता मजकूर असतो जो फोन वाचतो, कधी ब्रेलची फाइल असते. ध्वनिमुद्रणाचा एक तास साधारण पंचवीस-तीस एमबी होतो, म्हणजे आठ तासांची कादंबरी दोनशेच्या वर जाते. मजकुराचं तेच पुस्तक एका एमबीतही मावतं. तुमच्या गावी रेंज कशी असते ते मला माहीत आहे. मजकूर घरी उतरवा, आवाजाची पुस्तकं देवगडला किंवा कणकवलीला आलात की एकदम दहा उतरवून मेमरी कार्डवर ठेवा. ईझीरीडर अ‍ॅपमधून सुगम्य पुस्तकालयात थेट लॉगिन करता येतं, त्यामुळे पुढे पुढे बाबा हे स्वतः करू शकतील.

या पुस्तकांना ‘डेझी’ म्हणतात आणि त्यांचा फायदा ऐकूनच कळतो. साध्या एमपी३मध्ये पुढे-मागे सरकणं म्हणजे अंदाजाने उडी मारणं. डेझीत प्रकरणं, उपप्रकरणं, कधी पानंसुद्धा खुणा करून बांधलेली असतात. ‘तिसऱ्या प्रकरणात चल’ म्हणता येतं. कथासंग्रहात नको ती कथा सोडता येते. शिक्षक माणसाला ही गोष्ट फार लवकर आवडते, कारण त्यांना चाळायची सवय असते.

माणसाच्या आवाजातलं हवं असेल तर मुंबईला वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडकडे बोलक्या पुस्तकांचा जुना विभाग आहे, तिथे मराठी पुस्तकांची चौकशी करा. पैसे देऊन ऐकायला स्टोरीटेलवर मराठी बरंच आहे. विकत मिळणारी मराठी ई-पुस्तकं, किंडलवरची किंवा गूगल प्ले बुक्सवरची, बहुधा युनिकोडची असतात आणि फोन ती व्यवस्थित वाचतो. घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून ऐकून बघा. एखादं पुस्तक नुसत्या चित्रांच्या रूपात विकलेलं असतं, ते तिथेच कळतं.

मोफत मिळणारा एक साठा लोक विसरतात: मराठी विकिस्रोत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की भारतात लेखनाचे हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. अशा हक्कमुक्त पुस्तकांचा टंकलेला युनिकोड मजकूर विकिस्रोतावर असतो आणि तो ई-पब या ई-पुस्तकाच्या रूपात उतरवता येतो. बाबांच्या पिढीने शाळेत शिकवलेलं बरंच काही तिथे सापडेल.

आता कपाट. इथे थोडा वेळ घेते, कारण कपाटातली निम्मी पुस्तकं जगात दुसरीकडे कुठेच ऐकण्याच्या रूपात नसतात. गावच्या देवस्थानचा इतिहास, स्थानिक छापखान्यात निघालेले कवितासंग्रह, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे अंक. ती कुणी दुसरा तयार करून देणार नाही. आणि ती तयार करणं कायदेशीर आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यातल्या कलम ५२(१)(झेडबी)प्रमाणे अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, कुणीही पुस्तकाची सुलभ प्रत करू शकतो. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. मात्र ती प्रत बाबांसाठी, किंवा त्यांच्यासारख्याच वाचकासाठी. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली की तुम्ही त्या संरक्षणाच्या बाहेर गेलात.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगते. कुडाळ तालुक्यातले एक निवृत्त पोस्टमास्तर माझ्याकडे दशावतारावरचं एक जुनं पुस्तक घेऊन आले. १४८ पानं, खिळ्यांची छपाई, १९५०च्या दशकातलं, कागद तांबूस झालेला. तरुणपणी ते स्वतः रात्रभर बसून खेळ बघत, आणि त्या पुस्तकात जुन्या मंडळ्यांची माहिती होती.

त्यांच्या भाचीने स्कॅन केलं. साधा सपाट स्कॅनर, ३०० डीपीआय, राखाडी छटा. काळा-पांढरा पर्याय घेऊ नका, त्यात जुन्या छपाईतले फिकट अनुस्वार पुसले जातात. दोन पानं एकत्र, म्हणजे ७४ वेळा झाकण उघडायचं. दीड तास लागला. आधी तिने फोनने फोटो काढून पाहिले होते. ते का जमलं नाही ते ऐकण्यासारखं आहे: शिवणीजवळ पान वळतं, तिथल्या ओळी कमानीसारख्या वाकतात, आणि प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द बिघडतात. फोनच वापरायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, पडवीत, पानावर काच ठेवून दाबून काढा. आणि हे काम पावसात काढू नका. दमट पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच उचलली जाते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे.

स्कॅन झाल्यावर चित्रातली दोन पानं संगणकावर कापून वेगळी केली, नाहीतर यंत्र डाव्या पानाची ओळ उजव्या पानात नेऊन जोडतं. फाइलींना `pan_001`, `pan_002` अशी शून्य लावून नावं दिली. शून्य नसलं की दहावं पान दुसऱ्याच्या आधी येतं आणि गोष्ट उलटसुलट होते. मग टेसरॅक्ट नावाच्या मोफत प्रोग्रामने चित्रातून अक्षरं काढली. हा प्रोग्राम बसवताना मराठीचा डेटा आठवणीने निवडावा लागतो. विंडोजवर त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून एवढं लिहायचं:

```
for %f in (pan_*.png) do tesseract "%f" "%~nf" -l mar
copy /b pan_*.txt pustak.txt
```

पहिली ओळ प्रत्येक पानाची मजकुराची फाइल बनवते, दुसरी त्या सगळ्या जोडून एक करते. हे नको वाटत असेल तर गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली तरी अक्षरं मिळतात, आणि मराठीचा निकाल चांगला येतो. मात्र अख्खं पुस्तक एकदम देऊ नका, दहा-दहा पानांचे तुकडे करा, नाहीतर मागची पानं गळतात आणि आपल्याला कळतही नाही. शेवटच्या पानाचा शेवटचा शब्द आला का, हे प्रत्येक तुकड्याला तपासायचं. जुन्या फॉन्टच्या पीडीएफलाही हाच उपाय: पानांची चित्रं काढा आणि त्यांतून नव्याने अक्षरं मिळवा.

मग चुका. एक मधलं पान घेऊन मोजायच्या; पहिलं घेऊ नका, ते नेहमी स्वच्छ असतं. पानात पाच-सहा चुका असतील तर तसंच ऐकायला द्या, बाबांसारखा मुरलेला वाचक संदर्भाने भरून काढतो. वीसच्या वर गेल्या तर दुरुस्त करत बसू नका, स्कॅनच पुन्हा करा. या पुस्तकात पानाला आठ-नऊ निघत होत्या. मराठीत चुकणारी अक्षरं ठरलेली असतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. ‘धयकालो’ सगळीकडे ‘घयकालो’ झाला होता, तो एका फटक्यात बदलला. ‘संकासुर’चा अनुस्वार काही ठिकाणी उडाला होता. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र तर जवळजवळ प्रत्येक वेळी मोडतो, तो वेगळा शोधायचा. मालवणी संवाद होते तिथे एक चूक तिनेच केली. यंत्राने ‘खय’ बरोबर काढलं होतं, तिने चूक समजून ‘कुठे’ केलं. मामांनी ऐकताक्षणी पकडलं आणि रागावले. लेखकाचं आहे तसंच ठेवायचं, आपण फक्त यंत्राची चूक काढायची.

एक चूक यंत्राची नव्हतीच. पुस्तक १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचं, त्यामुळे ‘गांवांत’, ‘तें’, ‘पूर्वीं’ असे न उच्चारायचे अनुस्वार पानोपानी. डोळे ते सहज ओलांडतात. फोनचा आवाज मात्र प्रत्येक ठिकाणी नाकात बोलतो, आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. आम्ही दोन फाइली ठेवल्या: एक मुळाबरहुकूम, दुसरी ऐकण्यासाठी, जिच्यात ‘तें’चं ‘ते’ आणि ‘गांवांत’चं ‘गावात’ असे वारंवार येणारे साठेक शब्द बदलले. तुमच्या कपाटात त्या काळची पुस्तकं असणारच. सावरकरांनी पुरस्कारलेली अ ची बाराखडी, म्हणजे ‘इ’ऐवजी ‘अि’, ‘उ’ऐवजी ‘अु’, वापरणारी जुनी पुस्तकं-मासिकं मिळाली तर तिथेही फोन अडखळतो. ऐकण्याच्या प्रतीत ती अक्षरं बदलून घ्या.

पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा काढून टाकायला विसरू नका. वाक्य अर्ध्यावर असताना पान संपतं आणि फोन मध्येच पुस्तकाचं नाव घोषित करतो, १४८ वेळा. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्दही जोडून घ्यावे लागतात.

शेवटी मजकूर वर्डमध्ये घेतला, प्रत्येक प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’ ही शैली दिली आणि संपूर्ण मजकुराची भाषा मराठी ठरवली. या दोन गोष्टी न करता नुसता मजकूर दिला तर प्रकरणांवर उड्या मारता येत नाहीत, आणि काही अ‍ॅप आवाजही चुकीचा निवडतात. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर डोळ्यांना मथळा वाटतं, अ‍ॅपला ते साधं वाक्यच असतं. मग डेझी कन्सॉर्टियमच्या `WordToEPUB` या मोफत साधनाने ई-पब केलं. स्कॅनपासून इथवर, संध्याकाळी तासभर असं करत, अकरा दिवस लागले. दुसरं पुस्तक तिने पाच दिवसांत केलं. अशी फाइल तयार झाली की ती सुगम्य पुस्तकालयाच्या सदस्य संस्थेला देऊ करा, म्हणजे दुसऱ्या न दिसणाऱ्या वाचकाला ते अकरा दिवस घालवावे लागणार नाहीत.

संगणक बाबांना हवा असेल, म्हणजे लिहायलासुद्धा, तर विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवा. त्याच्याबरोबर येणारा ई-स्पीकचा मराठी आवाज यंत्रासारखा वाटतो, पण फार लवकर प्रतिसाद देतो आणि अक्षरन् अक्षर स्पष्ट सांगतो, म्हणून दुरुस्तीच्या कामाला मी तोच वापरते. नुसतं वाचायला फोन पुरे.

ब्रेलबद्दल स्पष्ट सांगते, कारण या प्रश्नावर घरची माणसं उगाच अपराधी वाटून घेतात. साठीनंतर, त्यातही जुन्या मधुमेहात, बोटांच्या टोकांची जाण कमी झालेली असू शकते. टोकांना सतत मुंग्या येत असतील किंवा गरम भांडं उशिरा कळत असेल तर ब्रेलचे बारीक ठिपके वेगळे जाणवणं कठीण जातं. अशा बोटांनी कादंबरी वाचण्याइतकी गती येणं मी क्वचितच पाहिलं आहे. शिवाय ब्रेल जागा खातं: छापील एक पान ब्रेलची दोन-अडीच पानं होतं, जाड कागदावर, आणि एक कादंबरी तीन-चार जाडजूड खंडांत जाते. बदलत जाणारं ब्रेल दाखवणारं ऑर्बिट रीडरसारखं यंत्र येतं, ज्याच्या वीस खाचांत ठिपके वर-खाली होतात, पण ब्रेल आधीच येत असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

मूल असेल तर माझं मत उलटं आहे. लहान मुलाला नुसतं ऐकवत ठेवलं तर शब्द लिहितात कसा हे त्याला कधीच कळत नाही, त्याला ब्रेल शिकवायलाच हवं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळ घराडीला अंध मुलांची निवासी शाळा आहे, तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर सांगा त्यांना.

पण बाबांची स्वतःची इच्छा असेल तर थोडं ब्रेल जरूर शिकवा, वाचनासाठी नाही, खुणांसाठी. देवनागरीसाठी भारती ब्रेल वापरतात. त्यात मात्रा बोलण्याच्या क्रमाने येते, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग इ. कागदावरच्यासारखी वेलांटी आधी नाही. ‘आंबा’ चार खाचांत होतो: ⠜⠰⠃⠜, म्हणजे आ, अनुस्वार, ब, आ. पहिलं आणि शेवटचं चिन्ह एकच आहे, कारण स्वर आणि त्याची मात्रा यांना ब्रेलमध्ये वेगळं रूप नसतं. शिक्षकाला हे दहा मिनिटांत उमगतं. बोटाला उमगायला महिने लागतात. सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्यांच्या डब्यांवर एकेक अक्षर चिकटवलं आणि बोटाला ते कळलं, तरी ते शिकणं कामाला आलं. हात बसला तर ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं, त्याची चौकशी करा. ब्रेल पुस्तकं टपालाने मागवायला खर्च पडत नाही: अंधांसाठीचं साहित्य सात किलोपर्यंत टपाल खातं विनामूल्य नेतं, फक्त पाकिटावर तसं लिहिलेलं असावं आणि ते उघडून पाहता येईल असं बांधलेलं असावं. खिडकीवरच्या नव्या माणसाला हा नियम ठाऊक नसतो. माझ्याकडून एकदा पूर्ण टपालखर्च घेतला गेला होता. तेव्हापासून मी नियमाची छापील प्रत पिशवीतच ठेवते, तुम्हीही ठेवा.

कपाटापासून सुरुवात करताना पुस्तक तुम्ही निवडू नका. बाबांना कपाटापुढे बसवा आणि एकेक नाव वाचून दाखवा. जिथे ते ‘थांब’ म्हणतील ते आधी स्कॅन करा, आणि मधलं एक पान त्याच दिवशी अक्षरांत काढून त्यांना ऐकवा. आवाज, गती, अनुस्वार, काय खुपतंय ते त्या एका पानावरच कळेल. उरलेली शंभर पानं मग त्याप्रमाणे करता येतील.